वाढत्या खोलीतलं दुसरं मूल

दमाने हे त्यांचं आडनाव नव्हे. आमच्या नाटक कंपनीत नेपथ्य उभं करणारे हे सुतार दर दोन वाक्यांमागे "दमाने घ्या, दमाने" म्हणायचे. नव्या लोकांना ते आडनावच वाटलं, कुणीतरी पगाराच्या पाकिटावरही तसंच लिहिलं, आणि मिस्त्रींनी ते कधी दुरुस्त केलं नाही. आता खरं आडनाव त्यांच्या बायकोखेरीज कुणाला ठाऊक असेल असं मला वाटत नाही.

माणूस काटकुळा. कानावर पेन्सिल, खिशात मोजपट्टी, आणि बोलताना नजर तुमच्या चेहऱ्यावर नाही, तर तुमच्या मागच्या भिंतीवर. मी बावीस वर्षं त्यांनी बांधलेल्या जिन्यांवरून उतरले आणि एकदाही पायाखाली पाहिलं नाही. नटीने नवऱ्यावर ठेवावा त्याहून जास्त विश्वास सुतारावर ठेवावा, असं मी नव्या मुलींना सांगत असे. हसायच्या. मी विनोद करत नव्हते.

एकदाच घात झाला. पहिला अंक संपला होता, रंगमंचावर अंधार होता. पाच मिनिटांत दुसऱ्या अंकाचं घर उभं करायचं म्हणून मिस्त्रींनी चौथऱ्याच्या पायऱ्या काढून नेल्या. नाटकात माझ्या मुलीचं काम करणारी नऊ वर्षांची पोर विसरलेली शाल घ्यायला धावत आली आणि पाच मिनिटांपूर्वी जिथे पायरी होती तिथे तिने पाय टाकला. कोपर मोडलं. हात जोडला गेला, पण पुन्हा पुरता सरळ झाला नाही. चूक मिस्त्रींची नाही, हे कंपनीत सगळे म्हणाले, त्या मुलीचे वडीलसुद्धा म्हणाले. चौथ्या दिवशी मिस्त्री मला म्हणाले, "बाई, पायरी मी काढली. पण ती पोरीच्या डोक्यातून कोण काढणार होतं?"

कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही सगळे चहूकडे पांगलो. कुणी शाळेत शिकवायला लागलं, कुणी दुकानात बसलं. मिस्त्री मुलांच्या खोल्या करू लागले. फक्त मुलांच्या. आणि त्यांच्या खोलीची तऱ्हा अशी की ती एकदा करायची आणि मूल मोठं होईल तशी तीही मोठी करत न्यायची. "दर चार वर्षांनी घर उकरायला तुम्ही काय उंदीर आहात?" असं ते गिऱ्हाइकाला तोंडावर विचारायचे.

माझ्या भाच्याला मुलगी झाली तेव्हा त्यांना मीच त्याच्याकडे नेलं. त्यांनी कागदावर तीन चौकोन काढले आणि आम्हाला नाटक सांगावं तशी खोली सांगितली. पहिला अंक, रांगण्यापासून शाळेत जाईपर्यंत. पाळणावजा पलंग, त्याच्या फळीला दोन उंच्या. बाळ धरून उभं राहायला लागलं की फळी खालच्या खाचांत. गजांमधली फट एवढी कमी की डोकं तर सोडाच, अंगही आत जाता कामा नये. कपाट बुटकं, तरी भिंतीला आवळलेलं. खिडकीला अडणी, चार बोटांपलीकडे उघडायचीच नाही. दाराला फाटक. दुसरा अंक, सातव्या वर्षी. त्याच पलंगाचे पाय बदलून तो वर चढवायचा, कठडा गादीच्या वर चांगला वीतभर, खाली अभ्यासाचं टेबल, वर जायला चार रुंद पायऱ्या आणि प्रत्येक पायरीच्या पोटात कप्पा. तिसरा अंक, तेराव्या वर्षी. पलंग पुन्हा जमिनीवर, पूर्ण लांबीचा. पायऱ्यांचे कप्पे उलटे लावून पुस्तकांची मांडणी.

"आणि दाराला आतून कडी," मिस्त्री म्हणाले.

"तेराव्या वर्षी?" भाचा दचकला.

"साहेब, तुम्हाला तेराव्या वर्षी काही लपवायचं नव्हतं?"

भाचेसून हसून हसून लाल झाली. पुढच्या प्रत्येक बदलासाठी लागणारी भोकं त्यांनी पहिल्याच दिवशी लाकडात पाडून ठेवली होती आणि लाकडाच्याच गोल टिकल्यांनी बुजवली होती. मुलीला त्या दिसायच्या. दोन वर्षांची असताना ती त्यांवर बोट ठेवून "टिकली, टिकली" करत बसायची. तेव्हापासून तिचं नाव टिकलीच पडलं.

मिस्त्रींचा एक नेम होता, रंगभूमीवरून आणलेला. अंक बदलला की उतरवलेलं सामान घरात ठेवायचं नाही. गज, फाटक, खिडकीच्या अडण्या, सगळं घेऊन ते दुसऱ्या कुठल्या तरी तान्ह्या बाळाच्या घरी लावायचे. जुन्या पडद्यांतून नवं नाटक उभं करण्यात आमचं आयुष्य गेलं होतं, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट मायेचंच वाटलं.

टिकली सात वर्षांची झाली आणि दुसरा अंक लागला. पलंग वर गेला त्या दिवशी ती चार पायऱ्या दिवसातून चाळीसदा चढली. फाटक गेलं, अडणी गेली, कारण आता तिला वारा हवा होता. मिस्त्रींनी सगळं पोत्यात भरलं. निघताना त्यांनी बैठकीच्या खोलीत पाळण्यात निजलेल्या तीन महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. टिकलीचा भाऊ, गोळू. "पैलवान आहे," म्हणाले, आणि पोतं खांद्यावर टाकून गेले.

मी तिथेच उभी होते. माझ्याही डोक्यात काही आलं नाही.

वर्षभराने, एका रविवारी दुपारी, मिस्त्री टेबल एक भोक वर सरकवायला आले. मीही जेवायला गेले होते. टिकलीला खुर्चीवर बसवून त्यांनी तिची कोपरं टेबलाच्या फळीच्या पातळीत येतात का पाहिलं, पाय जमिनीला टेकतात का पाहिलं. टिकल्या काढल्या, खुंट्या वर घातल्या. पाच मिनिटांचं काम. मग हत्यारं गोळा करायला ते पायऱ्यांपाशी वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"काय झालं मिस्त्री? कंबर धरली?" मी विचारलं.

दुसऱ्या पायरीच्या काठावर वाळलेला दुधाचा डाग होता, बारीक, अंगठ्याएवढा. त्यांनी तिसरी पायरी पाहिली. तिथे तसलेच चार, ओळीने. चौथ्या पायरीवर ओल्या बिस्किटाचा लगदा बोटांनी पुसल्यासारखा. मग ते उठले आणि वर, कठड्याच्या तोंडाशी, जिथून पलंगावर शिरायचं तिथल्या खांबाकडे त्यांनी पाहिलं. जमिनीपासून माझ्या कपाळाच्या उंचीवर एका एवढ्याशा पंजाचा ठसा होता. पाची बोटं.

"हे कुणाचं?" त्यांनी हळूच विचारलं.

टिकली पेन्सिलीला टोक काढत होती. तिने मान वर केली नाही.

भाचेसून दारात आली. "गोळूचे असतील. तो सगळीकडे हात लावत फिरतो."

"इथे वर?"

"छे हो! त्याला अजून नीट चालतासुद्धा येत नाही. चार पावलं टाकतो आणि बसतो. टिकलीने उचलून घेतलं असेल."

"वहिनी," मिस्त्री म्हणाले, "काही पोरं चालायच्या आधी चढतात."

भाचा वर्तमानपत्र हातात घेऊनच आला. त्याने डाग पाहिले, हसला. "बापावर गेलाय. मी पण असाच होतो म्हणे. पुढच्या रविवारी बघू ना मिस्त्री, काय फाटक बिटक लावायचं ते."

"फाटक नाही माझ्याकडे," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "तुमचं फाटक मी नेलं. ते दुसऱ्या घरी लावलंय."

"मग नवं करा. घाई कशाला? तुम्हीच तर म्हणता, दमाने."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत मी ती नजर एकदाच पाहिली होती. मग ते म्हणाले, "साहेब, मला एक मिनिट द्या. बाळाला आणा. इथे जमिनीवर ठेवा, आणि मी सांगेपर्यंत कुणी बोलू नका, हलू नका, हाक मारू नका."

"हे काय, प्रयोग आहे का?" भाचेसून म्हणाली, पण तिने गोळूला आणलं.

मिस्त्री पायऱ्यांच्या उघड्या बाजूला गुडघ्यांवर उभे राहिले, दोन्ही हात पसरलेले, बाळापासून वीतभर अंतरावर. आम्ही दाराशी. पंखा फिरत होता. पडदा उघडण्याआधी प्रेक्षागृहात जशी शांतता पडते, तशी पडली. फरक एवढाच की त्या शांततेत मला नेहमी आनंद व्हायचा.

गोळूने आमच्याकडे पाहिलं. मग पायऱ्यांकडे. तो रांगत निघाला, इकडे नाही, तिकडे नाही, सरळ. पहिल्या पायरीवर त्याने दोन्ही पंजे ठेवले, एक गुडघा वर घेतला, मग दुसरा. दुसरी पायरी. कप्प्याच्या मुठीवर त्याने नेमका पाय रोवला, जणू ती मूठ त्याच्यासाठीच केली होती. तिसरी. भाचेसुनेने माझा दंड धरला, तिची नखं रुतली. चौथी. मी मनात आकडे मोजत होते, जुनी सवय. नऊ झाले आणि बाळ वर होतं, पलंगावर, कठड्याच्या तोंडाशी उभं, त्या खांबाला धरून. पंजा बरोबर त्या ठशावर.

त्याला आई दिसली. तो हसला. आणि आईकडे यायचं म्हणून त्याने तोंड आमच्याकडे ठेवून, समोर जमीन असावी तसा, हवेत पाय टाकला.

मिस्त्रींनी त्याला झेललं. फार खाली नाही, पायरीला लागण्याआधीच. गोळूला तो खेळ वाटला. खिदळत त्याने त्यांच्या कानावरची पेन्सिल ओढली.

भाच्याच्या हातातल्या वर्तमानपत्राचा बोळा झाला होता.

"चढता येतं," मिस्त्री म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "उतरता येत नाही. पाठमोरं उतरायचं असतं, हे त्यांना ठाऊक नसतं."

"येतं थोडं थोडं," टिकली म्हणाली.

आम्ही सगळे वळलो. ती अजून टोकच काढत होती. पेन्सिल निम्मी झाली होती.

"तुला कसं ठाऊक?" बापाने विचारलं.

"तो रोज येतो. आई स्वयंपाकघरात असते तेव्हा. मी त्याला खाली आणते. मी शाळेत असते तेव्हा काय करतो माहीत नाही."

"रोज? आणि तू बोलली नाहीस? अगं, तोंड शिवलं होतं का तुझं?" आई किंचाळलीच.

"ओरडू नका तिला," मिस्त्री म्हणाले.

टिकलीने पेन्सिल खाली ठेवली. "मी सांगितलं असतं तर तुम्ही माझा पलंग काढून टाकला असता."

ते खरं होतं, आणि मिस्त्रींनी तोवर पेटीतून पाना काढलाही होता.

"मिस्त्री, निदान उद्या," भाचा पुटपुटला. "ती आज झोपेल कुठे?"

"खाली झोपेल. साहेब, त्या पायऱ्या इथे असताना मी या घराबाहेर पडणार नाही. हवं तर पोलिसांना बोलवा."

"पायऱ्यांऐवजी शिडी लावा ना," टिकली आता रडत होती. "मी रोज वर ओढून ठेवीन. शप्पथ. कधी विसरणार नाही."

मिस्त्री तिच्यासमोर जमिनीवर बसले. मला वाटलं, ते हो म्हणतील. उचलून ठेवायची शिडी ते करतातही.

"तू एक दिवस विसरशील," ते म्हणाले. "मग आयुष्यभर ते तुझ्या डोक्यात राहील. भावाला सांभाळणं हे तुझं काम नाही पोरी. ते यांचं काम आहे, आणि माझं. माझं मी केलं नाही."

"मग मी परत लहान झाले का?"

मिस्त्रींनी कागद मागितला. तिसऱ्या अंकाच्या भोकांवर पलंग खाली येईल. भिंतीत पक्की बसवलेली एक उंच पेटी करू, तिच्या कोपरापासून वर; झाकण उघडलं की त्याचंच उभ्याने लिहायचं टेबल, कुलूप तिचं, किल्ली तिची, आणि खाली चढायला काहीही नाही. खिडकीची अडणी आजच परत. टिकलीने ते चित्र बराच वेळ पाहिलं. "ठीक आहे," म्हणाली. पण ते आवडल्याचं नव्हतं. मोठ्यांनी ठरवल्यावर मुलं म्हणतात ते होतं.

संध्याकाळपर्यंत खोली उतरली. त्यांनी गुडघ्यांवर रांगत चारही भिंती पाहिल्या, बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, प्रत्येक मुठीला लोंबकळून, प्रत्येक कप्पा ओढून. मी विचारलं, "पहिल्यांदा पण असंच पाहिलं होतंत ना?"

"पाहिलं होतं," ते म्हणाले. "पण तेव्हा खोलीत एकच मूल आहे असं धरलं होतं. बाई, आपल्या नाटकात पहिला अंक संपला की संपला. घरात तसं नसतं. एकाचा दुसरा चालू असतो आणि दुसऱ्याचा पहिला लागतो, त्याच पायऱ्यांवर. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला हो! आणि त्याचं फाटक खांद्यावर टाकून निघून गेलो."

मग ते पायरीच्या लाकडावर बसले. मला वाटलं दमले. पण ते बोटं मोजत होते.

"किती खोल्या केल्यात?" मी विचारलं.

"एक्केचाळीस. दुसऱ्या अंकात आहेत त्या सतरा."

त्या सतरांपैकी कुणाकडे दुसरं मूल झालं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून ते निघाले. मीही बरोबर जाऊ लागले. अनोळखी दारात म्हातारी बाई असली की दार लवकर उघडतं. काही घरांत मोठ्या मुलाखेरीज कुणी नव्हतं. एका घरात दीड वर्षांची मुलगी पायऱ्यांवर बसून खेळत होती आणि तिची आजी कौतुकाने म्हणाली, "बघा, किती हुशार!" मिस्त्रींनी तिथल्या तिथे पाना काढला. आणखी एका घरात जुळी होती. तिथे पाना त्यांच्या हातातून खाली आलाच नाही.

सतरावं घर आम्हाला दहाव्या दिवशी सापडलं. तिसऱ्या मजल्यावर. दाराला वेगळंच नाव. ज्यांनी खोली करून घेतली होती ते दोन वर्षांपूर्वी घर विकून गेले होते, सामानासकट. दार उघडलं ते एका तरुण बाईने, साखळी लावूनच.

मिस्त्रींनी सगळं सांगितलं, दमाने, एकेक पायरी. तिने ऐकलं. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ती पाटी लागली, दारात आलेल्या विक्रेत्यासाठी लावतात ती.

"आमच्याकडे लहान मूल नाही," ती म्हणाली. "आणि आम्हाला काही करून घ्यायचं नाही."

"करून घेऊ नका ताई. मला फक्त बघू द्या. एक मिनिट."

"मालक घरात नाहीत. माफ करा."

दार लागलं. कडी सरकल्याचा आवाज झाला, मग वरची.

मी त्यांचा हात धरला. "चला मिस्त्री. नाही म्हणाली ना ती. मूल नाही तिच्याकडे."

ते हलले नाहीत. त्यांची नजर नेहमीसारखी माणसावरून सरकून मागे गेली होती, दाराशेजारच्या चपलांच्या मांडणीवर. वरच्या फळीवर बायकी सँडल. मधे पुरुषाचे बूट. सगळ्यात खाली, पुसून नीट जोडीने ठेवलेले, माझ्या तळहाताएवढे दोन लाल बूट.

आतून काहीतरी ऐकू येत होतं. लाकडावर काहीतरी आपटल्याचा बारीक आवाज, थांबून थांबून. एक. मग जरा वरून, दुसरा.

मिस्त्रींनी घंटेवर बोट ठेवलं आणि ते काढलं नाही.